दुष्काळाच्या खेळाची सापशिडी होऊ नये म्हणून: १८७६-७७ चं सोलापूर आणि कलादगी

प्रश्न: नववीसाठी दुष्काळावर बोर्डगेम बनवला आहे. वर्गात ४० मुलं, ३५ मिनिटांच्या दोन तासिका. फासा टाकायचा, इव्हेंट कार्ड उचलायचं: ‘टोळधाड, २ पोती द्या’, ‘सरकारी मदत, ५ पोती घ्या’. मुलांना मजा येते, पण शेवटी ‘दुष्काळ का पडला?’ विचारलं की सगळे म्हणतात, ‘पाऊस पडला नाही.’ मदत कशी मिळाली हे तर कुणालाच सांगता येत नाही. कार्डं वाढवू का?

उत्तर:

वाढवू नका, कमी करा. आणि फासा काढून टाका. खरी अडचण अशी आहे की तुमच्या खेळात प्रत्येक कार्ड आभाळातून पडतं. आधीच्या चालीचा त्याच्याशी संबंध नसतो. म्हणून मुलं नशीब शिकतात, दुष्काळ शिकत नाहीत. दुष्काळात पाऊस ही एकच गोष्ट आभाळातून येते (किंवा येत नाही). पुढचं सगळं एकातून एक निघत जातं: मजुरी जाते, दर चढतो, बैल विकले जातात, बैल गेले म्हणून धान्याच्या गाड्या थांबतात. ही साखळी खेळाच्या नियमांत असली पाहिजे. कार्डांचं काम तिला धक्का देण्यापुरतंच.

त्यासाठी एक खरा दुष्काळ निवडा. ‘कुठलाही दुष्काळ’ घेतलात की आकडे हवेतले होतात. मी १८७६-७७ चा दख्खनमधला घेईन, कारण सोलापूर आणि त्याच्या दक्षिणेचा कलादगी जिल्हा (आजचा विजापूर-बागलकोट भाग) शेजारी ठेवून पाहता येतात. दोन्हीकडे रब्बी ज्वारी, दोन्हीकडे परतीचा पाऊस बुडाला. सोलापुरातून मात्र रेल्वे जात होती आणि कलादगीला तेव्हा रेल्वे नव्हती. वर्गात आठ पट मांडा, प्रत्येकी पाच मुलं. चार पट सोलापूरचे, चार कलादगीचे. बाकी सगळं सारखं, फरक फक्त एका नियमाचा, तो पुढे येतो.

पाच मुलांच्या भूमिका: शेतकरी कुटुंब, शेतमजूर कुटुंब, विणकर कुटुंब, धान्याचा व्यापारी आणि मामलेदार. कलेक्टर तुम्ही. प्रत्येक कुटुंबात पाच तोंडं धरा: नवरा-बायको, दोन लहान मुलं आणि म्हातारी आई. फेऱ्या आठ, प्रत्येक फेरी दोन महिन्यांची, सप्टेंबर १८७६ पासून डिसेंबर १८७७ पर्यंत. दोन महिन्यांचा हिशेब मुलांना झेपत नाही, म्हणून त्या फेरीतल्या एका नमुन्याच्या दिवसाचाच करायचा. आज किती आणे मिळाले, त्यात किती धान्य आलं, एवढंच.

बाजारपट्टी

हा खेळाचा कणा आहे. पटावर पाच चौकोन आखा. चौकोनात पोती (चिंचोके चालतील) ठेवायची. पाच पोती असली की दर रुपयाला ३२ पौंड, चार असली की २४, तीन असली की १६, दोन असली की १२, एक असलं की ८. पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. पोत्यांचे आकडे खेळापुरते आहेत, दराची चढण मात्र खऱ्यासारखी आहे.

इथे मुलं हमखास अडखळतात. ३२ वरून ८ वर आकडा उतरतो, म्हणून त्यांना स्वस्ताई झाली असं वाटतं. पट्टीखाली दुसरी ओळ लिहा: ‘एका आण्याला किती?’ रुपयाचे सोळा आणे, म्हणून उत्तर अनुक्रमे २, दीड, १, पाऊण आणि अर्धा पौंड येतं. यापुढे मुलांनी हीच ओळ वाचायची.

पोती कमीजास्त होतात ती अशी. फेरीच्या सुरुवातीला दर १६ किंवा त्याहून स्वस्त असेल तर फेरीच्या शेवटी बाजारातून दोन पोती खपतात. १२ किंवा ८ असेल तर एकच, कारण लोकांना घेणंच परवडत नाही. व्यापारी नवी पोती आणतो ती गाड्यांवर. पटावर सुरुवातीला दोन बैलगाड्या असतात, एक व्यापाऱ्याची आणि एक शेतकरी कुटुंबाच्या बैलजोडीची, भाड्याने जाणारी. सोलापूरच्या पटावर स्टेशन जवळ आहे, म्हणून एका गाडीला एक पोतं. कलादगीच्या पटावर वाट लांबची, म्हणून दोन गाड्या मिळून एक पोतं. फरकाचा नियम तो हाच. दर ८ वर गेला की व्यापाऱ्याला बाहेरगावची एक जादा गाडी आणता येते, कारण एवढ्या दरात लांबचं भाडंही परवडतं.

आता हे चालवून बघा. पहिल्या फेरीत कार्ड येतं: ‘परतीचा पाऊस नाही. ज्यांच्याकडे धान्य आहे त्यांनी पेवं झाकली. बाजारातून दोन पोती काढा.’ पाचाची तीन होतात, दर १६ वर. या फेरीत एवढंच, खप आणि गाड्यांचा नियम दुसरीपासून लावा. सोलापुरात दोन गाड्या दोन पोती आणतात, दोन खपतात, दर १६ वरच टिकतो. कलादगीत एकच पोतं येतं, म्हणून दर १२ वर जातो. मग कडबा संपतो आणि शेतकऱ्याचे बैल जातात. सोलापुरात एक पोतं येतं, दोन खपतात, दर १२ वर येऊन स्थिरावतो. कलादगीत उरलेल्या एका गाडीने काहीच येत नाही, दर ८ वर, आणि मग बाहेरची गाडी आल्यावर तिथेच अडकून राहतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच बुडाला होता. हा फरक मुलांनी शेजारच्या पटावर डोळ्यांनी पाहावा. तुम्ही सांगू नका.

कुटुंबांची मिळकत

शेतमजुराला पेरणी-काढणी नाही म्हणून पहिल्या फेरीपासून शून्य. त्याच्याजवळ एक दागिना. शेतकऱ्याजवळ थोडं पेवातलं धान्य, बैलजोडी आणि बियाणं. विणकराचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याची कमाई दराला बांधा: दर ३२ असताना चार आणे, २४ ला तीन, १६ ला दोन, त्यापुढे काही नाही. धान्य महागलं की लोक लुगडं-धोतर घेणं थांबवतात. विणकराचं शेतच नव्हतं, तरी तो मजुराच्या मागोमाग बुडतो. तो विद्यार्थी ‘माझं काय चुकलं?’ असं विचारतोच. उत्तर पट्टीवर असतं.

वस्तू विकण्याला एकच नियम पुरे: एका फेरीत एकाने विकली तर पूर्ण किंमत, दोघांनी विकली तर दोघांनाही अर्धी. वर्गातले हुशार विद्यार्थी लवकर विकायला धावतात आणि बाजार स्वतःच पाडतात. शेतकऱ्याला बैल विकण्याऐवजी सह्याद्रीकडच्या चाऱ्यावर न्यायचाही पर्याय द्या. त्या काळी लोकांनी गुरं तशी नेली होती. त्यात बैल वाचतात, पण गाडी पटावरून जाते, म्हणजे गावाचा दर त्याच्या शहाणपणामुळेच चढतो. असे पेच जेवढे, तेवढा खेळ खरा.

पोटाचा हिशेब: दिवसाला पाच पौंड मिळाले तर कुटुंब पोटभर. पाचाहून कमी पण तीनपर्यंत म्हणजे अर्धपोटी. तीनच्या खाली गेलं की ताकदीची एक सोंगटी जाते. कुटुंबाला अशा चार सोंगट्या द्या.

मदत: एक पौंड आणि एक आणा

मदतीचं कार्ड असू नये. मदत मामलेदाराने उघडायची असते आणि ती उशिरा येते. त्याला एकूण सहा मंजुरी-चिठ्ठ्या द्या. जी चिठ्ठी तो या फेरीत कलेक्टरकडे (तुमच्याकडे) पाठवतो तिचं काम पुढच्या फेरीत सुरू होतं. चिठ्ठी दोन गोष्टींसाठी: गावाजवळचं लहान काम (रस्ता, तळ्यातला गाळ), किंवा ज्यांना काम होत नाही त्यांना फुकट अन्न. एका फुकट-अन्नाच्या चिठ्ठीत पटावरची एकच म्हातारी जेवते. मामलेदार झालेली मुलं सहसा पहिल्या दोन फेऱ्या ‘अजून वेळ आहे’ म्हणून चिठ्ठ्या राखून ठेवतात. राखू द्या.

मजुरी मात्र खरीच वापरा, कारण ती या दुष्काळाचं मर्म आहे. मुंबई सरकारने आधी पुरुषाला दोन आणे, बाईला दीड आणा ठेवला होता. नोव्हेंबर १८७६ च्या सुमारास धान्य रुपयाला १६ पौंडांपेक्षाही महाग झालं तेव्हा मजुरी दराला जोडली: पुरुषाला एका पौंडाची किंमत अधिक एक आणा, बाईला एका पौंडाची किंमत अधिक अर्धा आणा. ऐकायला अगदी न्याय्य. मुलांना फळ्यावर गणित करायला लावा. दर १६ असताना नवरा-बायकोला मिळून साडेतीन आणे, म्हणजे साडेतीन पौंड. दर ८ वर गेला तर मिळतात साडेपाच आणे. पैसे वाढले! पण त्यात धान्य येतं पावणेतीन पौंड. पौंडाची किंमत दराबरोबर वाढते, वरचा आणा मात्र तेवढाच राहतो आणि त्याचं धान्य निम्मं होतं. मीठ, मिरची, सरपण, म्हातारीची भाकरी, सगळं त्या आण्यातूनच यायचं होतं.

मग जानेवारी १८७७. व्हाइसरॉय लिटनने पाठवलेला सर रिचर्ड टेंपल खर्च आवरायला दौऱ्यावर आलेला. गावाजवळच्या कामांवरची मजुरी पुरुषाला एक पौंड अधिक अर्धा आणा, बाईला एक पौंड अधिक पाव आणा अशी उतरवली. धडधाकट माणसांनी बांधकाम खात्याच्या मोठ्या, दूरच्या कामांवर जावं हा हेतू होता: दौंड-मनमाड रेल्वेचा भराव, आष्टीचा तलाव अशी कामं. कापलेल्या मजुरीत दर ८ ला जोडप्याचं धान्य २.४ पौंडांच्या आत येतं.

ही तिसरी फेरी. इथे पत्ते थांबवा आणि सगळ्या आठ पटांवर एकदम मत घ्या. प्रत्येक कुटुंबाला तीन वाटा: दूरच्या कामावर जाणं (जुनीच मजुरी, पण म्हातारी गावात राहते आणि मामलेदाराची चिठ्ठी नसेल तर ती उपाशी), जवळच राहून कमी मजुरी घेणं, किंवा काम सोडणं. वर्गात हात वर करून मोजा आणि आकडा फळ्यावर लिहा. मगच सांगा की त्या वेळी दख्खनमध्ये एक लाखाहून जास्त लोकांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

मुलांना वाटतं आता सरकार नमणार. तसं झालं नाही. कामं सोडून जाता येतं म्हणजे यांना तशी गरज नव्हतीच, असा अर्थ अधिकाऱ्यांनी लावला. काम सोडणाऱ्या कुटुंबाला त्या फेरीत मजुरी नाही, एवढाच नियम ठेवा. बक्षीस नाही, शिक्षाही नाही. वर्गातली सगळ्यात चांगली चर्चा इथे होते, म्हणून दहा मिनिटं राखून ठेवा. पहिली तासिका तिसऱ्या फेरीवर संपली तरी चालेल.

इव्हेंट कार्डं

एकूण २४ पुरतात: प्रत्येक फेरीची तीनची वेगळी गड्डी, त्यातली दोन निघतात. गड्ड्या एकमेकींत पिसू नका. कॉलऱ्याचं कार्ड पहिल्या फेरीत आणि पेवं झाकल्याचं मे महिन्यात निघालं की साखळी तुटली. पहिल्या फेरीचं पेवाचं कार्ड आणि तिसऱ्या फेरीचं मजुरीचं कार्ड पक्कं, ती नशिबावर सोडायची नाहीत.

प्रत्येक कार्डावर तीन ओळी: काय झालं, कुणाला लागतं, आता काय निवडता येतं. ‘कुणाला लागतं’ ही ओळ नेहमी पटावरच्या स्थितीवरून ठरावी, कधीही ‘डावीकडच्या खेळाडूला’ अशी नसावी. उदाहरणार्थ, मार्च-एप्रिलचं कॉलऱ्याचं कार्ड: ‘मोठ्या कामावर दोन किंवा जास्त कुटुंबं असतील तर त्या प्रत्येकाची एक ताकद-सोंगटी जाते. ज्यांच्या दोनच उरल्या आहेत त्यांच्या दोन्ही जातात.’ गर्दी, घाण पाणी आणि आधीची उपासमार, तिन्ही एका ओळीत आली. जानेवारीचं कडब्याचं कार्ड: ‘बैलजोडी असेल त्याने चाऱ्याला रोज दोन आणे द्यावे, नाहीतर बैल विकावे किंवा घाटाकडे न्यावे.’

ज्योतिरावांचं आणि सत्यशोधक समाजाचं काम (धनकवडीचं बालाश्रम, १८७७ मधलं मदतीचं आवाहन, सावित्रीबाईंचं ओतूरहून लिहिलेलं एप्रिलमधलं पत्र) कार्डात घालायचा मोह होईल. मी घालणार नाही. ते पुणे जिल्ह्यातलं आहे, आणि सोलापूर-कलादगीच्या पटावर आणलं की पुन्हा ‘५ पोती घ्या’ होतं. खेळ झाल्यावर शेजारच्या जिल्ह्यात काय चाललं होतं म्हणून वाचून दाखवा, जास्त पोचतं.

बिघडतं ते कुठे

पहिली फेरी पंधरा मिनिटं खाते. ती सगळ्या वर्गाने तुमच्याबरोबर एकाच वेळी, फळ्यावर हिशेब करत खेळावी. दुसरीपासून सात-आठ मिनिटं पुरतात. दर आणि मजुरीचा तक्ता आधीच करून प्रत्येक पटावर चिकटवा, नाहीतर अपूर्णांकांतच तासिका जाते.

व्यापारी खलनायक होतो. ‘साहेब, याला पकडा’ सुरू झालं की त्याच्या हातात किंमत-चिठ्ठी द्या: या फेरीत आणलेलं पोतं त्याला चढ्या दराने पडलेलं असतं, आणि पाऊस आला की भाव उतरून तो बुडू शकतो. तरीही तो साठवणार असेल तर साठवू द्या. सरकारने स्वतः धान्य आणावं का, हा प्रश्न मुलं आपणहून काढतात. तेव्हा मद्रास सरकारने गुपचूप धान्य खरेदी केली आणि हिंदुस्थान सरकारने ती नापसंत केली, तर मुंबई सरकारने धान्याचं काम व्यापाऱ्यांवर सोडलं, हे सांगायला जागा मिळते.

मेलेल्या माणसांच्या सोंगट्या करू नका. कुठल्याही वयाच्या वर्गात त्यावर विनोद होतात. ताकद संपलेल्या कुटुंबाचं घर उलटं ठेवून त्यावर ‘कुलूप’ लिहा. ते वऱ्हाडाकडे, खानदेशात गेले की मेले, हे पटावरच्या इतरांना कळत नाही, आणि गावच्या पाटलाला तरी कुठे कळत होतं? कुलूप लागलेल्या मुलाला रिकामं बसवू नका. त्याच्याकडे हजेरीपट द्या. प्रत्येक फेरीत कोण कामावर होतं, किती धान्य मिळालं, तो लिहील. खेळाला विजेता ठेवू नका. शेवटी पाहायचे ते हे हजेरीपट.

हे सगळं वर्ग पाहून ठरवा. मुलांच्या घरी ऊसतोडीला जाणं, चारा छावणी, टँकर हे चालू विषय असतील तर बैल विकण्याची चाल खेळ राहत नाही. तिथे कुटुंबाच्या भूमिका एकेकट्याला न देता जोडीने द्या, आणि सहावी फेरी संपवूनच त्या दिवशीची तासिका थांबवा, मध्येच घंटा होऊ देऊ नका.

शेवटच्या दोन फेऱ्या

जुलै-ऑगस्ट १८७७ मध्ये पाऊस पुन्हा लांबला, म्हणून सहाव्या फेरीत बाजारातून आणखी एक पोतं काढा. पट्टीवर एकच उरलं असेल तर तेवढं राहू द्या. सप्टेंबरचं कार्ड उघडलं की वर्गात आरडाओरडा होतो: पाऊस! खेळ संपला असं समजून मुलं सोंगट्या गोळा करायला लागतात. थांबवा. पेरायला बियाणं कुणाकडे आहे? नांगराला बैल कुणाचे उरलेत? हातात पीक यायला अजून चार-पाच महिने आहेत, आणि १८७७ संपता संपता सरकारी कामं बंद होत आहेत. आठवी फेरी दराच्या पट्टीशिवाय खेळा: प्रत्येकाने फक्त आपल्याजवळ उरलेल्या वस्तू मांडायच्या आणि पुढच्या सुगीपर्यंत काय खाणार ते मामलेदाराला सांगायचं. त्याच्याजवळ एखादी चिठ्ठी शिल्लक असेल तर ती कुणाला, हे त्याने वर्गासमोर ठरवायचं.